तारेभोवती फील्ड गोल फिरतं, तरी तिथे कर्ल शून्य कसा?

"सर, मी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात. डायव्हर्जन्स म्हणजे फील्ड पसरणं आणि कर्ल म्हणजे फील्ड फिरणं, असं आम्हाला सांगितलंय. मग सरळ तारेभोवती चुंबकीय फील्ड गोल फिरत असताना तारेबाहेर कर्ल शून्य कसा? आणि प्रभाराचं फील्ड चारी बाजूंना पसरतंय, तरी बाहेर डायव्हर्जन्स शून्य? गणित सुटतं, पण डोक्यात शिरत नाही."

फील्ड तारेभोवती फिरतं, हे तू सगळं चित्र लांबून बघून म्हणतेस. कर्ल लांबून बघायची गोष्टच नाही. तो एका बिंदूपाशी काढायचा असतो. त्या बिंदूभोवती अगदी छोटा लूप घ्यायचा, लूपवरून एक फेरी मारताना फील्ड आपल्या वाटेच्या दिशेने किती आहे याची बेरीज करायची, लूपच्या क्षेत्रफळाने भागायचं आणि मग लूप आणखी आणखी लहान करत न्यायचा. तारेपासून दहा सेंटिमीटरवर असा लूप घेतलास, तर तार त्या लूपच्या बाहेर राहते. लूपला तारेशी काही देणंघेणं नाही, त्याच्या चार बाजूंवर फील्ड किती आहे एवढंच त्याला माहीत. म्हणून "तारेभोवती फिरतं का" आणि "या बिंदूपाशी कर्ल आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

उलटा प्रकारही होतो, आणि तो तुला घरच्या जवळ बघायला मिळेल. पंचगंगेच्या घाटावर उभं राहिलं की पाणी सरळ एका दिशेने चाललेलं दिसतं. पायरीला लागून पाणी सुस्त असतं आणि जरा आत गेलं की ओढ वाढते. दोन काड्या फुलीसारख्या बांधून काठाजवळ सोडल्या, तर फुली वाहत जाता जाता स्वतःभोवतीही फिरते, कारण तिच्या आतल्या बाजूच्या टोकाला पाणी जास्त जोरात ढकलतं. म्हणजे प्रवाहाच्या रेषा सरळ आहेत, तरी कर्ल आहे. नदीचा उपयोग इथपर्यंतच. विद्युत किंवा चुंबकीय फील्डमध्ये काहीही वाहत नसतं, त्यामुळे पुढे काड्यांऐवजी लूपच वापरू.

आता तार घेऊ आणि आकडे टाकू. तांब्याची लांब सरळ तार, त्रिज्या 5 मिमी, करंट 100 अँपिअर, कागदातून तुझ्या दिशेने वर येणारा. तारेबाहेर फील्ड

B = μ₀I / 2πr

म्हणजे 10 सेंमीवर 200 मायक्रोटेस्ला आणि 11 सेंमीवर सुमारे 181.8 मायक्रोटेस्ला. दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. या दोन अंतरांच्या मध्ये एक छोटा लूप काढ. त्याच्या दोन बाजू तारेला केंद्र धरून काढलेले कंस आणि दोन बाजू तारेकडून थेट बाहेर जाणाऱ्या सरळ रेषा. कोन 0.1 रेडियन धरू. आतला कंस 1 सेंमी लांब, बाहेरचा 1.1 सेंमी.

फेरी घड्याळाच्या उलट दिशेने मारू. बाहेरच्या कंसावर आपण फील्डच्या दिशेने जातो. तिथे 181.8 मायक्रोटेस्ला गुणिले 0.011 मीटर, म्हणजे 2 मायक्रोटेस्ला-मीटर. सरळ बाजूंवर फील्ड वाटेला काटकोनात आहे, तिथून शून्य. आतल्या कंसावर आपण फील्डच्या विरुद्ध परत येतो. तिथे 200 गुणिले 0.01, म्हणजे उणे 2. बेरीज शून्य. बाहेरच्या बाजूला फील्ड कमी, पण वाट लांब. आतल्या बाजूला फील्ड जास्त, पण वाट आखूड. अंतर वाढलं की वाट ज्या प्रमाणात लांबते, त्याच प्रमाणात फील्ड घटतं, म्हणून हिशेब चोख मिटतो. लूप मोठा केलास, लांबट केलास, तरी तार त्याच्या आत येत नाही तोवर तो असाच मिटतो.

आता तोच लूप तारेच्या आत, तांब्यात घे. करंट सगळ्या छेदात सारखा पसरलाय असं धरू. r त्रिज्येच्या आत जेवढा करंट आहे तेवढाच तिथल्या फील्डला कारण असतो. हा करंट r² च्या प्रमाणात वाढतो आणि परीघ r च्या प्रमाणात, म्हणून आत फील्ड r च्या प्रमाणात वाढतं. मध्यावर शून्य आणि पृष्ठभागावर 4 मिलिटेस्ला. म्हणजे 2 मिमीवर 1.6 आणि 3 मिमीवर 2.4 मिलिटेस्ला. कोन पुन्हा 0.1 रेडियन. बाहेरचा कंस 0.3 मिमी, त्यावरून 7.2 × 10⁻⁷ टेस्ला-मीटर. आतला कंस 0.2 मिमी, त्यावरून 3.2 × 10⁻⁷. वजाबाकी 4 × 10⁻⁷. लूपचं क्षेत्रफळ 2.5 × 10⁻⁷ चौरस मीटर. भागाकार केला की 1.6 टेस्ला प्रति मीटर मिळतात.

हा आकडा तपासायला दुसरा मार्ग आहे. करंट डेन्सिटी J म्हणजे 100 अँपिअर भागिले तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ. तिला μ₀ ने गुण. बरोबर 1.6 येतात. ∇×B = μ₀J हे समीकरण एवढंच सांगतं, की ज्या बिंदूवर करंट आहे त्या बिंदूवर कर्ल आहे, आणि जिथे करंट नाही तिथे नाही. तारेच्या अगदी मध्यावर B शून्य असतो, तरी कर्ल तिथेही पूर्ण 1.6 आहे. दहा सेंमीवर B चांगला 200 मायक्रोटेस्ला आहे आणि कर्ल शून्य. फील्ड किती जोरात आहे यावरून कर्लचा अंदाज करायची सवय इथेच सोडून दे.

तोंडी परीक्षेत यावरच विद्यार्थी हमखास अडकतात. कर्ल काढ म्हटलं की सरळ dB/dr काढून मोकळे होतात आणि तारेबाहेर उणे उत्तर आणतात. गोल फिरणाऱ्या फील्डचा कर्ल

(∇×B)_z = (1/r) d(rB)/dr = dB/dr + B/r

असा असतो. यातले दोन तुकडे वेगवेगळं काम करतात. dB/dr हा घाटावरच्या पाण्यासारखा भाग, म्हणजे शेजारी-शेजारी फील्ड कमी-जास्त असल्याचा. B/r हा रेषा वळल्याचा भाग. बाहेरचा कंस आतल्यापेक्षा लांब असतो, ते याच्यातून हिशेबात येतं. तारेबाहेर दुसरा तुकडा धन, पहिला तेवढाच ऋण. r ने गुणून मग डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, हे विसरलं की रेषांचं वळणच हिशेबातून गळतं. कार्टेशियनमध्ये करायचं असेल तर B चे घटक −y/(x²+y²) आणि x/(x²+y²) यांच्या प्रमाणात घे. ∂By/∂x आणि ∂Bx/∂y दोन्ही (y²−x²)/(x²+y²)² येतात आणि वजा होतात. फक्त x = y = 0 ला शून्य भागिले शून्य होतं. तार जाडी नसलेली धरली, तर सगळा कर्ल त्या एका ठिकाणी कोंबला जातो, म्हणून तिथे डेल्टा फंक्शन लिहावं लागतं. खऱ्या तारेला जाडी असते आणि तिथे अनंत असं काही नसतं, 1.6 एवढाच असतो.

या दोन तुकड्यांवरून आणखी एक गोष्ट लगेच दिसते. फील्ड 1/r पेक्षा सावकाश घटत असेल तर कर्ल धन राहतो. 1/r पेक्षा झपाट्याने घटत असेल तर कर्ल ऋण होतो, आणि तेही फील्ड अजून त्याच दिशेने फिरत असताना. हे नुसतं कागदावरचं नाही. केबल टीव्हीची कोअॅक्सिअल वायर घे. मधल्या तारेतून करंट वर येतो, बाहेरच्या जाळीतून तेवढाच खाली जातो. मधल्या प्लॅस्टिकमध्ये फील्ड 1/r ने घटतं, कर्ल शून्य. जाळीच्या धातूत शिरलं की फील्डची दिशा तीच, घड्याळाच्या उलट, पण ते भराभर कमी होत जाळीच्या बाहेरच्या कडेला शून्यावर येतं. जाळीची आतली त्रिज्या b आणि बाहेरची c धरून rB चा डेरिव्हेटिव्ह काढ आणि r ने भाग. उत्तर −μ₀I / π(c²−b²) येईल, म्हणजे उलट्या करंटची डेन्सिटी गुणिले μ₀. फील्डची दिशा बघून कर्लची दिशा सांगणारा इथे फसतो.

आता तुझ्या मनात असेल की, मग तारेभोवती मोठा वर्तुळाकार लूप घेतला तर बेरीज शून्य का नाही? कारण त्या लूपच्या आत तार आहे. स्टोक्सचं प्रमेय म्हणतं, मोठ्या लूपवरची बेरीज म्हणजे आतल्या सगळ्या छोट्या लूपांची बेरीज. शेजारच्या दोन लूपांची सामाईक बाजू एकदा जाताना आणि एकदा येताना मोजली जाते, म्हणून ती कटते आणि फक्त बाहेरची कड उरते. आतल्या लाखो छोट्या लूपांपैकी हवेतले सगळे शून्य देतात. तांब्याच्या छेदातले तेवढे देतात, 1.6 गुणिले छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे 1.26 × 10⁻⁴ टेस्ला-मीटर, आणि हेच μ₀I. तू दहा सेंमीवर फेरी मार नाहीतर दहा मीटरवर, आकडा तोच. फिरणं सगळीकडे दिसतं, पण त्याचा उगम तेवढ्या पाच मिमी त्रिज्येच्या छेदात आहे.

यातून येणारी एक चूक पेपरात फार दिसते. "तारेबाहेर कर्ल शून्य, म्हणून फील्ड कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणून त्याला स्केलर पोटेन्शियल असणारच." पहिलं वाक्य खरं आहे, पण त्यावरून पुढची दोन निघत नाहीत. तारेबाहेरच्या जागेत मधोमध भोक आहे. भोकाला वेढा न घालणाऱ्या भागापुरतं पोटेन्शियल लिहिता येतं, पण तारेला एक फेरी मारून आलीस की त्याची किंमत बदललेली असते. कर्ल सगळीकडे शून्य असावा आणि जागेत भोक नसावं, या दोन्ही अटी लागतात. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे व्होल्टमीटरच्या वेळी लागेल.

डायव्हर्जन्सची गोष्ट याच साच्याची आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. लूपऐवजी छोटी बंद पेटी घ्यायची आणि पेटीतून बाहेर जाणारा फ्लक्स उणे आत येणारा फ्लक्स, भागिले पेटीचं घनफळ. 1 नॅनोकुलोंबचा प्रभार घे. 10 सेंमीवर फील्ड 900 व्होल्ट प्रति मीटर, 20 सेंमीवर 225. प्रभारापासून निघणाऱ्या निमुळत्या शंकूचा या दोन अंतरांमधला तुकडा म्हणजे आपली पेटी. आतलं तोंड 1 चौरस सेंमी असेल तर बाहेरचं 4. आत येतात 900 गुणिले 1, बाहेर जातात 225 गुणिले 4. बाजूच्या भिंतींना फील्ड समांतर आहे, तिथून काही नाही. जेवढं आत तेवढं बाहेर, डायव्हर्जन्स शून्य. लांबून बघताना फील्ड पसरलेलं दिसतं, पण पेटीला आत येणारं आणि बाहेर जाणारं एवढंच कळतं.

प्रभार बिंदूत न ठेवता एका गोलात सारखा पसरला, तर गोलाच्या आत E = ρr/3ε₀ आणि डायव्हर्जन्स प्रत्येक बिंदूला ρ/ε₀. बरेच जण म्हणतात की तो केंद्रात सगळ्यात जास्त असणार, कारण सगळं तिथूनच तर निघतंय. तसं नाही. केंद्रात आणि कडेजवळ तो अगदी सारखाच आहे, कारण प्रभार सारखाच पसरलाय. केंद्र फक्त गोलाच्या आकारामुळे मध्यावर येतं, त्या बिंदूपाशी वेगळं असं काही नसतं. चुंबकीय फील्डसाठी हीच पेटी कुठेही ठेव, तांब्यात, हवेत, चुंबकाच्या पोटात. उत्तर शून्यच, कारण एकट्या चुंबकीय ध्रुवासारखा उगम आजवर सापडलेला नाही. ∇·B = 0 चा एवढाच अर्थ.

इथवर करंट स्थिर होता. बदलत्या परिस्थितीत "करंट नाही तिथे कर्ल नाही" हे वाक्य अपुरं पडतं. आणि ते कुठे तुटतं हे डायव्हर्जन्सच दाखवून देतो. कुठल्याही कर्लचा डायव्हर्जन्स गणितानेच शून्य असतो. म्हणजे ∇×B = μ₀J एवढंच खरं असेल, तर J चा डायव्हर्जन्सही सगळीकडे शून्य हवा. पण कपॅसिटर चार्ज होताना प्लेटभोवती पेटी धर. तारेतून करंट आत येतो, बाहेर जात नाही, प्रभार साठत जातो. J चा डायव्हर्जन्स तिथे शून्य नाही. मॅक्सवेलने टाकलेलं पद हा हिशेब जुळवतं:

∇×B = μ₀J + μ₀ε₀ ∂E/∂t

प्लेटची त्रिज्या 5 सेंमी आणि या क्षणी करंट 1 अँपिअर धर. प्लेटांमधलं E सारखं पसरलेलं मानलं, तर ε₀ ∂E/∂t सुमारे 127 अँपिअर प्रति चौरस मीटर येतो आणि प्लेटांमधल्या रिकाम्या जागेत कर्ल 1.6 × 10⁻⁴ टेस्ला प्रति मीटर. प्लेटच्या कडेशी B 4 मायक्रोटेस्ला, म्हणजे तारेपासून 5 सेंमीवर असतो तेवढाच. तारेच्या आतलं सगळं गणित इथे जसंच्या तसं चालतं, फक्त J च्या जागी ε₀ ∂E/∂t आलं.

याचंच जोडसमीकरण ∇×E = −∂B/∂t. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीची आठवण करून देतो. कोल्हापुरात असलेल्या मुलामुलींपैकी कुणाचा ना कुणाचा काका, मामा तिथे असतोच. इंडक्शन फर्नेसमध्ये तांब्याच्या पोकळ नळीची कॉइल असते, नळीतून थंड पाणी फिरतं आणि कॉइलमधून काहीशे हर्ट्झचा करंट जातो. कॉइल कुठेही लोखंडाला टेकत नाही, तरी मधलं लोखंड वितळतं. ते वितळवणारं E प्रभारातून निघालेलं नाही, त्याच्या रेषांना सुरुवात नाही की शेवट नाही. बदलत्या B भोवती त्या बंद फेऱ्या घालतात आणि लोखंडात करंट फिरवतात.

हिशेबासाठी भट्टी रिकामी घेऊ, कारण आत लोखंड असलं की फील्ड त्याच्या कातडीपाशीच अडतं आणि गणित अवघड होतं. समजा कॉइल लांब आहे, त्रिज्या 20 सेंमी, आतलं फील्ड सगळीकडे सारखं, जास्तीत जास्त 0.05 टेस्ला, फ्रिक्वेन्सी 500 हर्ट्झ. मग ∂B/∂t चं शिखर 2π × 500 × 0.05, म्हणजे 157 टेस्ला प्रति सेकंद. कॉइलच्या आत E = (r/2) × 157. बाहेर चुंबकीय फील्ड जवळजवळ नाही, आणि E = (R²/2r) × 157. तारेचीच नक्कल आहे, आत r ने वाढणारं आणि बाहेर 1/r ने घटणारं.

आता दोन जागा निवड. कॉइलच्या आत, अक्षापासून 10 सेंमीवर E येतं 7.85 व्होल्ट प्रति मीटर. कॉइलच्या बाहेर, अक्षापासून 40 सेंमीवर, E पुन्हा 7.85 व्होल्ट प्रति मीटर. दोन्हीकडे तेवढंच जोरदार, दोन्हीकडे त्याच दिशेने गोल. आतल्या जागी कर्लचं मूल्य 157, बाहेरच्या जागी शून्य. एखाद्या क्षणी एका बिंदूवर E मोजून या दोन जागांमधला फरक तुला कळणार नाही. छोटा लूप फिरवलास तरच कळेल.

बाहेर कर्ल शून्य आहे म्हणून तिथे साधं व्होल्टेज मोजता येईल असं वाटतं, आणि इथे मघाचं भोक परत येतं. कॉइलला बाहेरून वेढणारं एक सर्किट कर. एका बाजूला 100 ओहम, दुसऱ्या बाजूला 900 ओहमचा रेझिस्टर, दोघांना जोडणारे बिंदू A आणि B. लूपमधला ईएमएफ शिखरावर 157 गुणिले कॉइलच्या छेदाचं क्षेत्रफळ, सुमारे 20 व्होल्ट. करंट 20 मिलिअँपिअर. आता A आणि B मध्ये व्होल्टमीटर लाव. वायरा 100 ओहमच्या बाजूने आणल्यास 2 व्होल्ट. त्याच दोन बिंदूंना, पण वायरा 900 ओहमच्या बाजूने आणल्यास 18 व्होल्ट, आणि तेही उलट चिन्हाने. मीटर बिघडलेला नाही. मीटर, त्याच्या वायरा आणि जवळचा रेझिस्टर मिळून जो लूप होतो त्यात कॉइल नाही, म्हणून प्रत्येक मीटर आपापल्या बाजूच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज दाखवतो. दोन वाचनांमधला फरक बरोबर 20 व्होल्ट. A आणि B मधलं "खरं" व्होल्टेज कोणतं, या प्रश्नाला इथे उत्तर नाही, कारण दोन्ही वाटांच्या मध्ये कर्ल असलेला भाग अडकलाय.

खऱ्या फौंड्रीत हे आकडे इतके नीट निघत नाहीत. कॉइल लांब नसते, जेवढी रुंद जवळपास तेवढीच उंच. आतून वर गेलेल्या रेषांना बाहेरून वळसा घालून परत यावंच लागतं, कारण ∇·B = 0. म्हणजे बाहेरही बदलतं फील्ड असतं, आणि तिथला कर्ल शून्य राहत नाही. हे परतीचं फील्ड सांगाड्याच्या लोखंडात शिरून तो तापवू नये, म्हणून मोठ्या भट्ट्यांमध्ये कॉइलच्या बाहेर पातळ पत्र्यांचे योक उभे केलेले असतात. परतणाऱ्या रेषा त्यांच्यातून जातात. कधी आत जायची संधी मिळाली तर ते योक बघ.

लॅबमध्ये करून बघायचं असेल तर भट्टी नको. लांब सोलेनॉइड, सिग्नल जनरेटर आणि सोलेनॉइडला वेढणारं तेच 100 आणि 900 ओहमचं सर्किट पुरे. व्होल्टेज इथे मिलिव्होल्टमध्ये येईल, म्हणून व्होल्टमीटरऐवजी दोन चॅनलचा सीआरओ घे. दोन्ही प्रोबचं ग्राउंड B ला आणि दोन्हींची टोकं A ला लाव. एका प्रोबच्या वायरा सोलेनॉइडच्या एका अंगाने, दुसऱ्याच्या दुसऱ्या अंगाने आण. पडद्यावर एकाच दोन बिंदूंच्या दोन लहरी दिसतील, एक दुसरीच्या नऊपट आणि उलटी. दोन्ही लहरी सारख्याच दिसल्या तर रेझिस्टर बदलायला जाऊ नकोस. आधी वायरा बघ, बहुतेक दोन्ही सोलेनॉइडच्या एकाच बाजूने आलेल्या असतात.